खडक तुटू लागतो कधी?

मुंबईत उंच इमारत, पूल किंवा भुयार व्हायचं असलं की आधी बोअर मारतात. हिऱ्यांचे कण बसवलेलं पोकळ बिट फिरत खाली जातं आणि त्याच्या पोटातला खडक गोल दांड्याच्या रूपात वर येतो. या दांड्यांना सगळे कोअरच म्हणतात. पेटीत ते खोलीच्या क्रमानं मांडतात, त्यातले काही प्रयोगशाळेत जातात, आणि मग अहवालात एक आकडा येतो: एकअक्षीय दाबशक्ती, १५० मेगापास्कल. अभियंत्यांच्या बोलण्यात ती यूसीएस. आराखडा करणारा तो आकडा उचलतो आणि कामाला लागतो. पण हा आकडा ज्या आलेखावरून घेतलेला असतो, त्यावरचा तो फक्त एक बिंदू असतो. खडक तुटायला कधी लागला आणि तुटल्यावर कसा वागला, हे त्या बिंदूच्या अलीकडे आणि पलीकडे लिहिलेलं असतं. दुर्दैवानं पुष्कळ अहवालांत तो आलेख जोडलेलाच नसतो.

एकाच बोअरमधून निघालेले दोन कोअर घेऊ. एक काळा पाषाण, म्हणजे घट्ट बेसाल्ट. दुसरा मांजऱ्या: लाव्हारस थिजताना त्यात अडकलेल्या वायूच्या पोकळ्या राहिल्या, आणि पुढे झिओलाइट, कॅल्साइट अशा खनिजांनी त्या बऱ्याचशा भरल्या, असा ठिपकेदार बेसाल्ट. पुढचे आकडे हिशेबाला सोपे म्हणून निवडलेले आहेत, पण दख्खनच्या खडकांत काम करणाऱ्यांना ते अनोळखी वाटणार नाहीत.

दोन्ही कोअरचा व्यास ५४ मिलिमीटर. आंतरराष्ट्रीय शैलयांत्रिकी संघटनेच्या, म्हणजे आयएसआरएमच्या, १९७९ च्या पद्धतीनुसार नमुन्याची लांबी व्यासाच्या अडीच ते तीन पट हवी, म्हणून तो १३५ मिलिमीटरला कापायचा. लांबीची ही अट सोडून चालत नाही. मशीनच्या पोलादी प्लेटा खडकाच्या दोन्ही टोकांना घर्षणानं धरून ठेवतात. टोकाजवळचा खडक बाजूला पसरू पाहतो, पण त्याला पसरता येत नाही, त्यामुळे तो आहे त्याहून बळकट दिसतो. नमुना आखूड असेल तर ही दोन्ही धरलेली टोकं मध्यावर एकमेकांना भिडतात आणि आकडा फुगतो.

त्याहून किचकट काम टोकं घासण्याचं. ती ०.०२ मिलिमीटरच्या आत सपाट हवीत, आणि नमुन्याच्या अक्षाशी काटकोनात. हा हट्ट कशासाठी, ते हिशेब केला की कळतं. ५४ मिलिमीटर व्यासाच्या तोंडाचं क्षेत्रफळ सुमारे २,२९० चौरस मिलिमीटर. मेगापास्कल म्हणजे चौरस मिलिमीटरला एक न्यूटन. तेव्हा १५० मेगापास्कलला या दांड्यावर ३४३ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ३५ टन भार असतो. एवढ्या भाराखाली आपला काळा पाषाण किती आखूड होतो? त्याचा स्थितिस्थापकता गुणांक ७० गिगापास्कल धरला तर १३५ मिलिमीटर लांबीत जेमतेम ०.२९ मिलिमीटर. आता टोक ०.१ मिलिमीटरनं तिरकं राहिलं असेल तर मोजायच्या आखूडपणाच्या एकतृतीयांश इतकी चूक नुसत्या बसण्यातच झाली. शिवाय सगळा भार आधी एका कडेवर येतो आणि ती कड खडकाच्या खऱ्या ताकदीच्या कितीतरी आधी ढलपी होऊन उडते.

आता नमुना मशीनमध्ये. त्याच्या मध्यावर स्ट्रेन गेज चिकटवलेले: काही उभे, लांबी किती घटते ते पाहायला; काही आडवे, घेर किती वाढतो ते पाहायला. भार सेकंदाला अर्धा मेगापास्कल या संथ गतीनं वाढवत नेला की १५० पर्यंत पोचायला पाच मिनिटं लागतात. आलेखाच्या उभ्या अक्षावर प्रतिबल, म्हणजे भार भागिले क्षेत्रफळ. आडव्या अक्षावर विकृती, म्हणजे लांबीतला बदल भागिले मूळ लांबी. प्रयोगशाळेत त्यांना स्ट्रेस आणि स्ट्रेन असंच म्हणतात.

सुरुवातीला रेषा किंचित पोटाशी वाकलेली असते, हळूहळू चढ घेते. खडकात आधीपासून असलेल्या बारीक भेगा या टप्प्यात मिटत असतात. काळ्या पाषाणात हा भाग इतका छोटा की शोधावा लागतो. त्यानंतर रेषा सरळ होते. इथे भार काढून घेतला तर नमुना जवळजवळ मूळ लांबीला परत जातो. स्थितिस्थापकता गुणांक काढायचा तो याच सरळ भागाच्या चढावरून, बहुधा कमाल ताकदीच्या निम्म्यावर.

खरी गोष्ट इथून पुढे आहे. उभ्या गेजची रेषा अजून सरळच चाललेली असते. नुसती तीच पाहणाऱ्याला वाटेल, काही घडत नाहीये. पण साधारण ६५ मेगापास्कलच्या आसपास, म्हणजे अंतिम ताकदीच्या निम्म्याच्याही अलीकडे, आडव्या गेजची रेषा आपली सरळ वाट सोडते. नमुना जितका आखूड होतोय त्या मानानं त्यानं जितकं रुंदायला हवं, त्याहून तो जास्त रुंदायला लागलेला असतो.

दाबाखाली खडक रुंद का व्हावा? खडक सलग नसतो. त्यात वेगवेगळ्या कडकपणाचे स्फटिक आहेत, त्यांच्यामधल्या सीमा आहेत, सूक्ष्म दोष आहेत. बाहेरून सगळीकडे दाबच दिला तरी या दोषांच्या टोकांपाशी, अगदी छोट्या जागेत, खडक ओढला जातो. आणि खडक ओढ सहन करण्यात फार कच्चा. त्याची ताणशक्ती दाबशक्तीच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते. म्हणून तिथे चिरा पडतात. या चिरा भाराच्या दिशेला समांतर, म्हणजे उभ्या असतात. उभी चीर उघडली की नमुन्याची लांबी फारशी बदलत नाही, घेर मात्र वाढतो. त्यामुळे उभं गेज गप्प राहतं आणि आडवं बोलतं. ज्या प्रयोगशाळेत आडवे गेज लावतच नाहीत, तिथे हा टप्पा आलेखावर दिसूच शकत नाही.

चिरा पडायला लागल्या तरी त्या लगेच पसरत नाहीत. प्रत्येक चीर थोडी वाढते आणि थांबते. पुढे वाढवायची तर भार आणखी चढवावा लागतो. नमुन्याला ध्वनिसंवेदक लावलेले असले तर त्यांच्या नोंदीत या वेळी तुरळक टिकटिक उमटू लागते. मग १२० मेगापास्कलच्या आसपास दुसरं वळण येतं. उभी विकृती आणि आडव्या विकृतीची दुप्पट यांची बेरीज केली की नमुन्याच्या घनफळातला बदल मिळतो. आतापर्यंत घनफळ घटत होतं. इथून ते वाढायला लागतं. दाबाखाली असलेली वस्तू फुगतेय, याचा अर्थ चिरा आता एकमेकींना जोडल्या जात आहेत. १९६६ मध्ये ब्रेस, पॉल्डिंग आणि शोल्झ या तिघांनी ग्रॅनाइटसारख्या स्फटिकमय खडकांत ही फुगण्याची क्रिया नेमकेपणानं मोजून दाखवली. या टप्प्यापुढे भार वाढवला नाही, नुसता तसाच धरून ठेवला, तरी नमुना कालांतरानं तुटू शकतो. म्हणजे १५० ही ताकद पाच मिनिटांच्या चाचणीची झाली. वर्षानुवर्षं भार पेलण्याचा प्रश्न असेल तर १२० च्या पुढचा भाग हिशेबात धरता येत नाही.

पहिल्या वळणाचंही प्रत्यक्षात काय होतं, ते कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात दिसलं. तिथे लॅक द्यू बॉनेट ग्रॅनाइटमध्ये संशोधनासाठी खास भूमिगत प्रयोगशाळा केली होती. ४२० मीटर खोलीवर साडेतीन मीटर व्यासाचं एक भुयार त्यांनी सुरुंग न लावता खोदलं, म्हणजे स्फोटामुळे खडक दुखावला असं कुणाला म्हणता येऊ नये. खोदताना छताच्या आणि तळाच्या खडकातून पातळ पापुद्रे सुटत गेले आणि इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच तयार झाली. त्या जागी खडकावर आलेलं प्रतिबल कोअरच्या अंतिम ताकदीपेक्षा बरंच कमी होतं. भुयाराच्या कडेला बाजूनं धरून ठेवणारं काही नसतं, आणि खोदाई पुढे सरकताना दाबाची दिशा फिरत राहते. त्यामुळे पहिल्या वळणाशी उघडू लागलेल्या चिरा तिथे थांबत नाहीत. खोल भुयारात पापुद्रे सुटतील का, याचा अंदाज करणारे लोक म्हणूनच आज शिखराआधी पहिल्या वळणाचा आकडा मागतात.

शिखर आलं की काळ्या पाषाणाचा बहुधा स्फोटच होतो. मोठा आवाज, संरक्षक जाळीवर आदळणारे तुकडे, आणि आलेखाची रेषा तिथेच तुटलेली. कितीतरी वर्षं अभियंत्यांनी यावरून असा निष्कर्ष काढला होता की ठिसूळ खडक शिखरानंतर काहीच भार घेत नाही. यात मशीनचा वाटा किती, हे लक्षात यायला १९६० चं दशक उजाडावं लागलं.

मशीनची चौकटसुद्धा भाराखाली ताणली जाते. आपल्या नमुन्याचा ताठपणा काढला तर तो एक मिलिमीटर दाबायला सुमारे १,१९० किलोन्यूटन लागतील. साध्या जुन्या मशीनचा ताठपणा मिलिमीटरला ५०० किलोन्यूटन धरू. ३४३ किलोन्यूटनला नमुन्यात साठलेली ऊर्जा येते सुमारे ५० जूल, आणि मशीनमध्ये साठलेली सुमारे ११८ जूल. नमुना जरासा नरमला की ताणलेल्या धनुष्यासारखी ती चौकट आपली सगळी ऊर्जा त्याच्यावर सोडते. बारा किलोचं वजन एक मीटरवरून टाकावं, इतकी ती ऊर्जा आहे. मग तुकडे उडाले, तर त्यातलं खडकाचं किती आणि मशीनचं किती?

दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खोल खाणींचा अभ्यास करणाऱ्या नेव्हिल कुक यांनी १९६५ मध्ये हा मुद्दा ठामपणे मांडला. मशीन नमुन्यापेक्षा ताठ केलं, तर शिखरानंतरची उतरणही शांतपणे काढता येते. १९७० मध्ये वावर्सिक आणि फेअरहर्स्ट यांनी खूप ताठ मशीनवर वेगवेगळे खडक तपासले आणि त्यांची दोन वर्गांत विभागणी केली. पहिल्या वर्गातल्या खडकाला शिखरानंतरही तोडत न्यायला बाहेरून ऊर्जा द्यावी लागते. दुसऱ्या वर्गातला खडक स्वतःत साठवलेल्या ऊर्जेवरच तुटत जातो. त्याला आवरायचं तर भार झटपट काढून घ्यावा लागतो आणि आलेखाची रेषा उलटी, मागे वळते. आजच्या सर्व्हो मशीनमध्ये नमुन्याभोवती साखळी बांधून त्याच्या घेरावरून नियंत्रण करतात. घेर ठरल्यापेक्षा जास्त वेगानं वाढायला लागला की मशीन क्षणार्धात भार उतरवतं. घेर तर शिखरानंतरही वाढतच जाणार असतो, म्हणून त्याच्यावर नजर ठेवली की हातातून काही सुटत नाही.

खाणीत हाच हिशेब माणसांच्या जिवावर येतो. तिथे छत पेलायला सोडलेला खांब हा नमुना असतो, आणि भोवतालचा डोंगर हे मशीन. खांबाची उतरण डोंगराच्या ताठपणापेक्षा तीव्र असेल तर डोंगरात साठलेली ऊर्जा खांबावर सुटते आणि खडक फुटून बाहेर येतो. त्याला रॉकबर्स्ट म्हणतात. कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणी तीन किलोमीटरहून खोल गेल्या होत्या. तेवढ्या खोलीवर नुसत्या वरच्या खडकाच्या वजनानंच ८० मेगापास्कलच्या आसपास दाब असतो, आणि खोदलेल्या पोकळीच्या कडेला तो आणखी एकवटतो. २००१ मध्ये बंद होईपर्यंत या खाणींनी रॉकबर्स्ट सतत सोसले. दोन खडकांची कमाल ताकद सारखीच असली तरी एक हळूहळू दबतो आणि दुसरा फुटतो. त्यांच्यातला फरक उतरणीवरच कळतो.

आता मांजऱ्याकडे वळू. त्याचा आलेख सुरुवातीलाच वेगळा दिसतो. भरायच्या राहिलेल्या पोकळ्या, झिओलाइटमधल्या सांधी, हे सगळं आधी दबतं, म्हणून सुरुवातीचं वाकण लांबलचक. मग येणारी सरळ रेषा कमी चढाची. गुणांक १२ गिगापास्कल धरू. शिखर ४० मेगापास्कलला, म्हणजे या दांड्यावर सव्वानऊ टनांच्या आसपास. पण तिथवर पोचताना तो अर्ध्या मिलिमीटरहून अधिक आखूड झालेला असतो, म्हणजे काळ्या पाषाणाच्या जवळजवळ दुप्पट. शिखर टोकदार नसतं, गोलसर असतं, आणि नंतर रेषा पायऱ्या पायऱ्यांनी उतरते. एकेक पोकळी कोसळते, भार शेजारच्या भागावर जातो, तो थोडा वेळ तग धरतो. चाचणी संपल्यावर नमुना हातात घेतला तर तो भेगाळलेला असतो, पण बऱ्याचदा एकसंधच उचलता येतो.

या खडकात गेजही फसवतं. छोटं गेज नेमकं एखाद्या झिओलाइटच्या गोटीवर बसलं तर ते त्या गोटीचा गुणांक सांगतं, खडकाचा नाही. म्हणून गेजची लांबी मोठ्यात मोठ्या कणाच्या दहापट तरी हवी, नाहीतर घेराला साखळी आणि उभी मापकं लावावीत. समोरासमोरच्या दोन उभ्या गेजचे आकडे पहिल्यापासून एकमेकांपासून फाकत गेले, तर टोक तिरकं आहे किंवा नमुना मध्यावर बसलेला नाही, हे आलेखच सांगतो. सुरुवातीचं वाकण काळ्या पाषाणातही लांब दिसलं, तर खडकाला दोष देण्याआधी विकृती कुठून मोजली ते विचारावं. पुष्कळदा ती दोन प्लेटांमधल्या अंतरावरून मोजलेली असते; तेव्हा नमुन्याच्या आखूडपणात प्लेटांचं बसणं आणि मशीनचं ताणणं मिसळतं आणि ७० चा गुणांक निम्म्यावर येतो. आणि तुटलेल्या नमुन्याचा फोटो पाहावाच. एखाद्या तिरक्या कॅल्साइटच्या शिरेवरून तो सरकला असेल तर अहवालातला आकडा त्या शिरेचा आहे.

या दोन कोअरवरून कुणी म्हणेल की भुयार काळ्या पाषाणातून न्यावं, मांजऱ्या टाळावा. दख्खनमध्ये भुयारं खोदलेल्यांचा अनुभव याच्या बरोबर उलटाही असतो. काळ्या पाषाणात थंड होतानाच सांधे पडलेले असतात. त्यातून पाणी झिरपतं आणि छतातून ठोकळे सुटतात. मांजऱ्या बहुधा सांध्यांविना, सलग असतो, आणि त्यातलं भुयार कित्येकदा आधाराविनाही नीट उभं राहतं. मुंबईत २५ मीटर खोलीवर वरच्या खडकाचं वजन पाऊण मेगापास्कलसुद्धा भरत नाही. चाळीसची ताकद असलेला खडकही तिथे चिरडून जाण्याचा प्रश्न येत नाही. तिथे १५० हा आकडा उपयोगी पडतो तो टीबीएमचे कटर किती झिजतील हे ठरवायला. छत सुटेल का, हे सांध्यांची दिशा, त्यांच्यातलं अंतर आणि त्यांत भरलेली माती यावर ठरतं, आणि ते ५४ मिलिमीटरच्या दांड्यात येतच नाही.

आणखी एक गोष्ट पेटीजवळ उभं राहिल्याशिवाय कळत नाही. चाचणीला १३५ मिलिमीटरचा अखंड तुकडा लागतो. काळ्या पाषाणाचे असे तुकडे भरपूर मिळतात. दोन लाव्हाथरांमधला गेरू, म्हणजे लाल मातकट थर, किंवा मऊ टफ यांचा तेवढा तुकडा बिटमधून अखंड बाहेर येत नाही. आला तरी ओलावा उडाला की सुटा होतो. म्हणून कोअर काढल्या काढल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून मेण लावावं लागतं. नाहीतर ज्या थरावर काम बिघडायचं, तोच थर अहवालातून गळतो आणि सरासरी फक्त बळकट खडकाची निघते. अशा अहवालात खोलीनुसार तक्ता पाहावा आणि कुठल्या खोलीचा नमुनाच नाही ते शोधावं. छोट्या वेड्यावाकड्या तुकड्यांवर दोन टोकदार शंकूंमध्ये दाब देऊन पॉइंट लोड चाचणी करता येते आणि तिच्यावरून दाबशक्तीचा अंदाज बांधतात. पण २५ मेगापास्कलच्या खालच्या मऊ खडकात शंकूंची टोकं नुसतीच आत रुततात आणि तो अंदाज भरवशाचा राहत नाही. गेरूच्या त्या पट्ट्यासाठी मग तिहेरी नळीच्या बॅरलनं, सावकाश, पुन्हा एक बोअर मारणं हाच मार्ग असतो.